बेअरिंग बसत नाही? भोक वाढवण्याआधी भिंतींचा क्रम तपासा

६०८ नंबरचं बेअरिंग तुम्ही पाहिलेलं असणार, स्केटच्या चाकात असतं ते. बाहेरचा व्यास २२ मिमी, आतला ८, जाडी ७. त्यासाठी खाच प्रिंट केली आणि बेअरिंग आत जाईना, असं कुणी म्हटलं की थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांचा सल्ला ठरलेला: "डिझाइनमध्ये भोक ०.२ ने वाढव." मीही बरेच महिने हेच केलं. रीळ बदललं की आकडा बदलायचा, शेवटी स्वतःच्याच ड्रॉइंगवरचा विश्वास उडाला.

खरी गोम बऱ्याचदा भिंती कोणत्या क्रमाने पडतात यात असते. नोझलमधून पडलेल्या रेघेच्या कडा गोलसर असतात. दोन रेघांमध्ये फट राहू नये म्हणून स्लायसर त्या जरा जवळ आणतो. रेघ ०.४५ मिमी रुंद आणि लेयर ०.२ मिमीचा असेल, तर दोन रेघांच्या मध्यांत साधारण ०.४१ मिमी अंतर ठेवतो. आता आतली भिंत आधी पडली, तर ती ऐसपैस पसरून बसते. मागून आलेल्या बाहेरच्या भिंतीला आतल्या बाजूने जागा कमी पडते आणि जास्तीचं प्लास्टिक मोकळ्या बाजूला फुगतं. फ्लो एखाद-दोन टक्के जास्त असेल, तर ती सगळी चूक थेट मापात येते. बाहेरची भिंत आधी टाकली तर ती मोकळ्या जागेत ठरल्या रेषेवर बसते आणि जास्तीचा माल आत दाबला जातो, जिथे कुणी कॅलिपर लावत नाही.

एक गोष्ट इथेच पक्की करा. बाहेरची भिंत म्हणजे हवेला लागलेली भिंत. भोकाच्या आतला पृष्ठभागही बाहेरचीच भिंत असतो, त्यामुळे तिथलं फुगणं भोकाच्या पोटात येतं.

पायरी १. ४० × ४० मिमीचा, १० मिमी उंच ठोकळा काढा, मधोमध २२ मिमीचं आरपार भोक. तीन भिंती ठेवा.

पायरी २. तोच ठोकळा दोनदा प्रिंट करा. रीळ तेच, वेग तोच, बेडवरची जागा तीच. फक्त क्रम बदला. ऑर्कास्लायसरमध्ये `Walls printing order`, प्रुसास्लायसरमध्ये `External perimeters first`, क्युरामध्ये `Wall Ordering`.

पायरी ३. गार झाल्यावर मोजा, पण मधल्या उंचीवर. तळाचे एक-दोन लेयर बेडवर दाबले जाऊन पसरतात, आणि सीमवर तर गुठळीच मोजली जाते.

पायरी ४. आकडे वाचणं. मी अडकलो ते इथे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

माझ्या मशीनवर पीएलएमध्ये आतली भिंत आधी टाकली तेव्हा ठोकळा ४०.१२ आणि भोक २१.८० आलं. बाहेरची आधी टाकली तेव्हा ठोकळा ४०.०३ आणि भोक २१.८९. नुसतं भोक बघितलं असतं तर "०.२ कमी" एवढंच कळलं असतं. दोन्ही मापं शेजारी ठेवली की चित्र उलगडतं. ठोकळा मोठा आणि भोक लहान, म्हणजे भिंती हवेच्या बाजूला फुगल्यात. ठोकळाही लहान आणि भोकही लहान असेल, तर प्लास्टिक आकसलंय. दोन्ही मोठी असतील, तर मशीनच्या अक्षाचंच माप चुकतंय. शेवटच्या दोन प्रकारांत भिंतींचा क्रम बदलून काही हाती लागणार नाही, वेळ घालवू नका.

आता हिशोब. ठोकळा ०.१२ ने मोठा, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.०६ फुगवटा. भोकालाही दोन बाजू, म्हणून त्यातून ०.१२ गेले. उरलेले ०.०८ भोकाचे स्वतःचे. नोझल लहान वर्तुळात फिरताना गरम रेघ आतल्या बाजूला ओढली जाते, शिवाय मॉडेलमधलं वर्तुळ हे खरं तर अनेक सरळ तुकड्यांचं असतं. क्रम बदलल्यावर फुगवटा दर बाजूला ०.०१५ वर आला, पण ते ०.०८ जागच्या जागी राहिले. म्हणून "बाहेरची भिंत आधी टाका, भोकं आपोआप बरोबर येतील" हा सल्लाही अर्धवटच.

माझी चूक अशी की मी आधी स्लायसरमध्ये भोकं वाढवण्याची भरपाई टाकून ठेवली होती आणि मग क्रम बदलला. दुरुस्ती दोनदा झाली, बेअरिंग सैल पडलं आणि मी दोष दिला फिलामेंटला. तेव्हा भरपाई शून्यावर आणा, फ्लो नीट करा, मग क्रम ठरवा, आणि उरलेल्या फरकापुरतीच भरपाई द्या. माझ्या बाबतीत भोक ०.११ ने कमी होतं. `X-Y hole compensation` मध्ये ०.०५ टाकलं, हा आकडा दर बाजूला लागतो, व्यासात ०.१ वाढते. ०.११ तसंच टाकणारे मी पाहिलेत, मग त्यांचं बेअरिंग खुळखुळतं. माझं २१.९९ आलं आणि अंगठ्याने दाबून घट्ट बसलं.

पायरी ५. पृष्ठभाग बघा. बाहेरची भिंत आधी टाकली की सरळ उभ्या बाजू जास्त एकसारख्या दिसतात, कारण आतल्या भिंतीचा कमीजास्तपणा वर उमटत नाही. पण सीम बिघडते. आतली भिंत आधी असते तेव्हा नोझलमधला दाब तिच्यातच सावरतो. बाहेरची आधी असेल, तर नोझल लांबून येतं आणि थेट दर्शनी बाजूवर सुरुवात करतं. सुरुवातीला खड्डा किंवा गुठळी दिसली तर आधी प्रेशर अ‍ॅडव्हान्स तपासा आणि सीम एखाद्या धारदार कोपऱ्यात न्या. गोल डब्याला कोपरा नसतो; शोभेच्या गोल वस्तूंना मी हा क्रम लावतच नाही.

दुसरी अडचण ओव्हरहँगची. बाहेर झुकणाऱ्या भिंतीत बाहेरच्या रेघेचा बराच भाग अधांतरी असतो. आतली रेघ आधी असेल तर तिला ती चिकटून राहते, नाहीतर लोंबते. उभ्या रेषेपासून ४५ अंशांपुढे झुकाव गेला की खालून बोट फिरवून बघा, खरखर लगेच लागते. मूर्ती, मुखवटे, फुलदाण्या यांना निमूटपणे आतली भिंत आधी.

ऑर्कास्लायसरमध्ये तिसरा पर्याय आहे, `Inner/Outer/Inner`. सगळ्यात आतली भिंत, मग बाहेरची, शेवटी मधली. बाहेरची भिंत पडते तेव्हा तिला चिकटून काही नसतं, त्यामुळे माप टिकतं, आणि दाबही आधी सावरलेला असतो. मात्र भिंती किमान तीन हव्यात. दोन ठेवून "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी आधी भिंती मोजाव्यात. ओव्हरहँगला याचाही फारसा आधार नाही, कारण शेजारची भिंत मागूनच येते.

एकाच बेडवर ब्रॅकेट आणि मूर्ती दोन्ही असतील, तर हा क्रम प्रत्येक वस्तूला वेगळा देता येतो. बेअरिंगच्या ब्रॅकेटला मी तिसरा पर्याय लावतो, आणि पहिल्या लेयरच्या फुगवट्यामुळे बेअरिंग तोंडाशीच अडू नये म्हणून खाचेच्या खालच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा उतार काढतो.