रक्ताचा रिपोर्ट वाचताना सुरुवात हिमोग्लोबिनपासून करा

आहार-व्यायामाचा बेत आखण्यासाठी रक्त तपासलं की बहुतेकांची नजर आधी साखरेवर जाते. मी मात्र आधी हिमोग्लोबिन बघायला सांगते, कारण ते कमी असेल तर साखरेचा एक आकडा फसवा निघू शकतो.

समजा, ४२ वर्षांच्या एका वहिनींचा रिपोर्ट आहे. हिमोग्लोबिन १०.२, उपाशीपोटीची साखर ९४, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.१. ही सरासरी ५.७ ते ६.४ असली की तिला मधुमेहाच्या उंबरठ्यावरची म्हणतात. घाबरून वहिनी भात सोडतात, रात्रीचं जेवण सोडतात. थकवा मात्र वाढतच जातो.

इथे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे आधी ओळखायचं. उपाशीपोटी १००च्या आत म्हणजे साखर ठीक. लोह कमी पडलं की नव्या लाल पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि त्यांना चिकटलेली साखर जास्त भरते. म्हणून सरासरी फुगलेली दिसते. अर्थात, जेवणानंतरची साखरही वाढलेली असू शकते, तेव्हा जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी तीही तपासून घ्या.

पुढची पायरी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची. ते १५च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे आजारपणात ही तपासणी करू नका. फेरिटिन चांगलं आणि एमसीव्ही, म्हणजे पेशींचा आकार, लहान असेल तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शंका येते. तिथे लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही.

वहिनींचं फेरिटिन ८ निघालं, तर बेताचा पहिला भाग लोहाचा. गोळी डॉक्टर ठरवतील. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवा, जेवणात लिंबू पिळा. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळ्या चुकतात का, पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, हे शोधायचं. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या बाईमध्ये लोह कमी निघालं तर पोटातून रक्त जात नाही ना, याची तपासणी टाळू नका.

लिपिडमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, या बेतासाठी मी ट्रायग्लिसराइड आधी पाहते. ते १५०च्या वर असेल तर गोड, मैदा आणि मद्य कमी करायचं. ड जीवनसत्त्व २०च्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती रोज घेण्याची चूक होते आणि रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

एचबीएवनसी पुन्हा करायचं ते हिमोग्लोबिन १२च्या वर गेल्यानंतर तीन महिन्यांनी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे तोवर बहुतेक पेशी नव्या आलेल्या असतात. तेव्हाही आकडा ६च्या पुढेच राहिला, तर भाताचं माप ठरवायला बसायचं.