उरलेला हेअर डाय ठेवता येतो का? आणि उघडलेला बॉक्स किती दिवस चालतो?

मुळाशी दोन बोटं पांढरे केस दिसायला लागतात, त्यासाठी अख्खा बॉक्स कालवला जातो आणि वाटीत अर्धा रंग उरतो. टाकायला जीव होत नाही. पण कालवलेला रंग ठेवता येत नाही. फ्रिजमध्येही नाही.

ट्यूबमधली क्रीम आणि बाटलीतला डेव्हलपर (म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड) एकत्र आले की रंग तयार व्हायला लागतो, मग तो डोक्यावर असो की वाटीत. साधारण पाऊण तासात त्याचा जोर ओसरतो. वाटीतली फिकट क्रीम काळपट होत जाते, ती याचीच खूण. दुसऱ्या दिवशी तोच रंग लावला तर पांढरे केस नीट झाकले जात नाहीत. शिवाय पेरॉक्साइडमधून वायू सुटत राहतो. मी एकदा उरलेला रंग बाटलीत घट्ट झाकून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत बाटली फुगली आणि झाकण उघडताच रंग भिंतीवर उडाला. म्हणून उरलेलं मिश्रण भरपूर पाणी सोडून वाहून टाका, झाकणबंद डब्यात घालून कचऱ्यात टाकू नका.

ठेवायचं असेल तर न कालवलेलं ठेवा. बॉक्सवर क्रीम थेट डेव्हलपरच्या बाटलीत पिळायला सांगितलेलं असतं. तसं केलं की सगळंच संपलं. त्याऐवजी प्लास्टिकची किंवा काचेची वाटी घ्या, धातूची नको. ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. समजा ट्यूब ६० ग्रॅमची आहे आणि डेव्हलपरही तितकाच. मुळांपुरतं करायचं तर २० ग्रॅम क्रीम आणि २० ग्रॅम डेव्हलपर घ्या. डेव्हलपर ९० असेल तर २० ला ३०. प्रमाण बॉक्सचंच ठेवायचं, अंदाजाने नाही.

मग ट्यूब खालून दुमडत आणा, क्रीम तोंडाशी आली आणि हवा निघाली की लगेच टोपण लावा. डेव्हलपरला त्याचंच झाकण लावा. वाटीतलं काही परत आत घालू नका. ट्यूबवर तारीख लिहा आणि दोन्ही थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. न्हाणीघरात नको, तिथे ऊब असते.

न उघडलेला बॉक्स साधारण तीन वर्षं टिकतो, पण छापलेली तारीख आधी बघा. बॉक्सवर उघड्या बरणीचं चित्र आणि त्यावर 12M असं लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. पण क्रीमला हवा लागलेली असते, म्हणून मी सहा आठवड्यांपलीकडे, म्हणजे पुढच्या टच-अपनंतर, ट्यूब ठेवत नाही. तोंडाशी थोडी काळी पडलेली क्रीम पिळून टाकली तर चालतं. आतलीही काळी, दाणेदार किंवा पाणी सुटलेली निघाली तर ट्यूब गेली. डेव्हलपरची बाटली फुगलेली दिसली तर तीही वापरू नका.

पावडर डायची पुडी मात्र दमट हवा लागली की खराब होते, उरलेली ठेवायची तर घट्ट बंद, कोरड्या डब्यात.

आणि पुढच्या वेळी, ट्यूब तीच असली तरी, ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून बघायचं चुकवू नका. ॲलर्जी आधी कधी झाली नव्हती म्हणून आता होणार नाही, असं नसतं.