उरलेला एक पैसा कोणाच्या नावावर?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी नागपुरात धरमपेठेतील एका भाड्याच्या घरात आम्ही तिघे राहत होतो आणि घरखर्चाच्या वाटणीसाठी मी एक लहानसे अ‍ॅप लिहिले होते. पहिल्या दोन महिन्यांतच एका सोबत्याने मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, "अबे, सगळे पैसे देऊन झाले, तरी हे अजून काय मागून राहिलं?" पडद्यावर लिहिले होते : तुमचे देणे ₹0.00. रक्कम शून्य दिसत होती, पण हिशेब चुकता झाल्याची खूण काही उमटत नव्हती.

कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली. रक्कम मी रुपयांत आणि दशांश अपूर्णांकात, म्हणजे फ्लोट प्रकारात ठेवली होती. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३… असा न संपणारा होतो, तसाच संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश न संपणारा असतो. त्यामुळे दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, संगणक अगदी जवळच्या पण वेगळ्या संख्येने साठवतो. पायथनमध्ये हे लगेच दिसते :

```python
>>> 0.1 + 0.2 - 0.3
5.551115123125783e-17
```

दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्यावर ही शिल्लक ०.०० दिसते, पण `balance == 0` ही तपासणी तिला शून्य मानत नाही. सोबत्याच्या नावावरचे भुताटकीचे देणे ते हेच. एक पैशापेक्षा कमी फरक असेल तर तो शून्य समजावा, असा उपाय मी आधी करून पाहिला आणि आज तो कोणालाही सुचवणार नाही, कारण त्याने भूत फक्त झाकले जाते आणि पुढे खराखुरा एक पैसा हरवला आणि फ्लोटमध्ये तो किंचित कमी भरला, तर तेही कळत नाही.

योग्य मार्ग म्हणजे रक्कम पैशांत आणि पूर्णांकातच साठवणे. ₹३,४३० म्हणजे `343000`. डेटाबेसमधील स्तंभाला मी `amount_paise` असे नाव दिले, जेणेकरून सहा महिन्यांनी मलाच ते रुपये वाटू नयेत, आणि त्याचा प्रकार `BIGINT` ठेवला, कारण ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त ₹२,१४,७४,८३६.४७ मावतात. (शंभराने भागायचे ही गोष्ट मात्र रुपयाची आहे, जपानी येनला व्यवहारात लहान एकक नाही आणि कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात, म्हणून चलन बदलण्याची शक्यता असेल तर हा आकडा चलनासोबत ठेवावा.)

एवढे करूनही चूक दारातूनच आत येऊ शकते. वापरणाऱ्याने १९.९९ लिहिले आणि आपण त्याचा फ्लोट करून शंभराने गुणले, तर `int(19.99 * 100)` याचे उत्तर `1998` येते. म्हणून आलेला मजकूर मजकूर म्हणूनच घ्यावा, बिंदूवर तोडावा आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे पूर्णांकात बदलावेत. इथेही मी एकदा घसरलो : १२.५ या नोंदीचा उजवा भाग मी ५ असा वाचला आणि साडेबारा रुपयांचे बारा रुपये पाच पैसे झाले. उजवा भाग एकच अंकी असेल तर त्यापुढे शून्य जोडायचे आणि दोनपेक्षा जास्त अंक असतील तर नोंद सरळ नाकारायची, असा नियम त्यानंतर केला.

आता वाटणीकडे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो आणि विजेचे बिल फुगते, त्यामुळे ते समान वाटण्याऐवजी जो जितके दिवस घरी राहिला तितक्या प्रमाणात वाटायचे, असे आमच्यात ठरले होते. बिल ₹३,४३०, मी ३० दिवस होतो, दुसरा २२ आणि तिसरा १७, म्हणजे एकूण ६९ दिवस. प्रत्येकाचा वाटा काढून जवळच्या पैशापर्यंत नेला, तर १४९१.३०, १०९३.६२ आणि ८४५.०७ रुपये येतात. बेरीज होते ₹३,४२९.९९. तिघांचाही अपूर्णांक अर्ध्या पैशापेक्षा कमी असल्याने तिन्ही वाटे खाली आले आणि एक पैसा कोणाच्याच नावावर राहिला नाही. वेगळ्या आकड्यांत तिन्ही वाटे वर जाऊन एक पैसा जास्तही होऊ शकतो, म्हणून "नेहमी वर न्यावे" किंवा "नेहमी खाली आणावे" यांपैकी कोणताही नियम पुरत नाही.

उपाय असा : आधी प्रत्येकाला पूर्ण पैसे तेवढे द्यायचे, मग एकूण रकमेतून किती पैसे उरले ते वजाबाकीने काढायचे आणि ज्याची भागाकारातील बाकी सर्वांत मोठी, त्याच्यापासून एकेक पैसा लावत जायचे.

```python
def split(total, weights, expense_id):
    n, w = len(weights), sum(weights)
    shares = [total * x // w for x in weights]
    rest = total - sum(shares)
    order = sorted(range(n), key=lambda i: (
        -(total * weights[i] % w),
        (i - expense_id) % n))
    for i in order[:rest]:
        shares[i] += 1
    return shares
```

आमच्या बिलात भागाकारानंतर १४९१३०, १०९३६२ आणि ८४५०७ पैसे मिळतात, बाक्या अनुक्रमे ३०, २२ आणि १७ येतात आणि एक पैसा उरतो. सर्वांत मोठी बाकी माझी, म्हणून माझा वाटा ₹१,४९१.३१ झाला आणि बेरीज बरोबर ३,४३० भरली. यात कुठेही अपूर्णांक तयार होत नाही, कारण आधी गुणाकार आणि मग पूर्णांकी भागाकार होतो; हा क्रम उलटा केला, तर चूक परत आलीच म्हणून समजा.

समान वाटणीत सर्वांची बाकी सारखीच असते, त्यामुळे जादा पैसा कोणाला, हा प्रश्न राहतो. पहिल्या आवृत्तीत तो नेहमी यादीतील पहिल्या माणसाला, म्हणजे मलाच लागत होता. `expense_id` असलेली ओळ ही पाळी फिरवते. तिथे यादृच्छिक निवड मुद्दाम टाळली आहे, कारण तोच खर्च दुरुस्त करून पुन्हा जतन केला की पैसा विनाकारण दुसऱ्याकडे सरकला असता. याचसाठी सदस्यांचा क्रमही त्यांच्या क्रमांकानुसार ठरलेला हवा.

शेवटची अडचण परताव्याची. शंभर पैशांची तिघांत वाटणी झाली, पहिल्याच्या वाट्याला ३४ आणि इतरांच्या वाट्याला ३३ आले. मग तो खर्च पूर्ण परत मिळाला म्हणून मी `-100` हीच रक्कम त्याच फंक्शनला दिली. पायथनचा भागाकार ऋण संख्येत खालच्या दिशेने जातो, त्यामुळे उत्तर -३३, -३३, -३४ आले. बेरीज बरोबर होती, तरी एकाच्या नावावर एक पैसा राहिला आणि दुसऱ्याला एक पैसा जास्त मिळाला. आता परतावा आला की मी नव्याने वाटणी करत नाही. मूळ खर्चाचे जतन केलेले वाटे काढतो आणि त्यांचे चिन्ह उलटवतो. परतावा अर्धवट असेल, तर धन रक्कम मूळ खर्चाच्याच क्रमांकाने वाटतो आणि मग चिन्ह बदलतो.

ही चूक गटाच्या बेरजेत सापडली नव्हती, हे लक्षात घ्यावे. गटातील सर्वांच्या शिलकांची बेरीज शून्य येते का, ही तपासणी मी प्रत्येक नोंदीनंतर करत होतो आणि ती निमूटपणे उत्तीर्ण होत होती. म्हणून तिच्या जोडीला दुसरी चाचणी लिहिली : कोणताही खर्च टाकून तो लगेच पूर्ण परत केला, तर प्रत्येक सदस्याची शिल्लक आधी होती तेवढीच राहिली पाहिजे, एका पैशानेही इकडेतिकडे नाही.