दोन नाण्यांचा तास: आधी अंदाज, मग नोंद

संभाव्यतेचा पहिला तास एका नाण्याने घेऊ नका. छापा-काटा निम्मे-निम्मे पडणार हे मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अंदाज चुकायला जागाच उरत नाही. दोन नाणी घ्या, एक रुपयाचं आणि एक दोन रुपयांचं. नाणी वेगळी का हवीत ते पुढे कळेल.

वर्गात ४० मुलं असतील तर २० जोड्या करा. सिंहांची बाजू छापा आणि किमतीची बाजू काटा, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर दहा मिनिटं त्याच वादात जातात. नाणी झाकण लावलेल्या डब्यात हलवायला सांगा, म्हणजे बाकाखाली शोधाशोध होत नाही.

आता प्रश्न विचारा: दोन्ही छापे, दोन्ही काटे किंवा एक-एक, २० वेळांत प्रत्येक निकाल किती वेळा येईल? अंदाज पेनाने लिहून घ्या. बरीच मुलं तिघांना सारखी वाटणी देतात, साधारण ७-७-६. त्यांना लगेच सुधारू नका.

नोंद करताना नुसत्या ताळ्याच्या खुणा पुरत नाहीत. प्रत्येक फेकीसाठी एक ओळ हवी: रुपयावर काय, दोन रुपयांवर काय. अंदाज बरोबर आला म्हणून शाबासकी दिली की मुलं आकडे अंदाजाकडे ओढतात, हे मी अनुभवलंय. वहीत फक्त बेरीज असेल आणि ओळी नसतील, तर ती जोडी पुन्हा बसवा.

तुलना दोनदा करा. आधी शेजारच्या जोडीशी: समजा एकीकडे ४-१२-४, दुसरीकडे ७-८-५ आले (मधला आकडा एक-एकचा). एवढा फरक २० फेकींत नेहमीचाच. मग सगळ्या जोड्यांचे आकडे फळ्यावर मिळवा. ४०० फेकींत 'एक-एक' बहुतेक वेळा १८० ते २२० च्या दरम्यान येतं, तिसरा हिस्सा म्हणजे १३३ च्या आसपास नाही.

असं का, ते मुलांना त्यांच्याच ओळींतून शोधू द्या. रुपयावर छापा, दोन रुपयांवर काटा. आणि त्याच्या उलट. शक्यता तीन नसून चार आहेत. सारखी नाणी असती तर हे दोन प्रकार डोळ्यांना वेगळे दिसलेच नसते. फ्रेंच गणिती द'अलाम्बेरही १७५४ साली अशाच मोजणीत फसला होता: दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने तीनच शक्यता धरून २/३ मांडली, खरी आहे ३/४. हा किस्सा चुकलेल्या मुलांना जरूर सांगा.

दुसऱ्या तासाला लाल आणि पांढरा फासा द्या, बेरजेचा अंदाज लिहून घ्या. ७ जास्त येतात हे कळल्यावर ३६ चौकटींचा तक्ता भरायला लावा. ३ + ४ आणि ४ + ३ एकाच चौकटीत लिहिणारं मूल दिसलं, तर त्याच्या हातात पुन्हा दोन नाणी द्या.