हिस्ट्री ऑप्शनलच्या आदल्या संध्याकाळी काय चाळायचं, काय बाजूला ठेवायचं

यूपीएससी मेन्सचं गेल्या काही वर्षांतलं वेळापत्रक पाहिलंत तर एक गोष्ट दिसेल: ऑप्शनलच्या आदल्या दिवशी भाषेचे पेपर असतात. सकाळी तीन तास, दुपारी पुन्हा तीन तास. म्हणजे ज्याला आपण 'शेवटचा दिवस' म्हणतो तो असतो फक्त संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा. आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पेपर, सकाळी प्राचीन-मध्ययुगीन, दुपारी आधुनिक आणि जग. भाषेच्या पेपरलाच दांडी मारून अभ्यास करायचा विचार मनात आणू नका. त्यात प्रत्येकी 300 पैकी 75 मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत.

पहिल्या प्रयत्नात मी पुण्याहून मुंबईला दोन पिशव्या भरून नोट्स नेल्या होत्या. भाषेचे पेपर संपवून खोलीवर आलो आणि मोबाइलवर एक पीडीएफ आली: नकाशासाठी दोनशे 'हमखास' ठिकाणं. रात्री दीडपर्यंत ती वाचली. माझं नुकसान तिथेच झालं, म्हणून हे सविस्तर सांगतो.

पेपर एकमधला पहिला प्रश्न नकाशाचा. 20 ठिकाणं, प्रत्येकी अडीच गुण, एकूण 50. नकाशावर ठिपके दिलेले असतात आणि सोबत 'ताम्रपाषाणयुगीन स्थळ' एवढाच इशारा. नाव ओळखून 30 शब्दांची टीप लिहायची. माझ्या पेपरात एक ठिपका प्रवरेच्या खोऱ्यात होता. मला आधी एकच नाव सुचलं असतं, दायमाबाद. पण रात्रीच्या यादीत जोर्वे आणि नेवासेही वाचलेलं. तिन्ही प्रवरेकाठची, तिन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातली. पश्चिमेकडून जोर्वे, मग दायमाबाद, मग नेवासे. पण देशाच्या नकाशावर यांच्यात अंतर काही मिलिमीटरचं. मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. असंच आणखी तीन-चार ठिकाणी झालं. पन्नास गुणांना फार तर 36 मिनिटं द्यायची, माझी 55 गेली, आणि शेवटचा वीस गुणांचा प्रश्न अर्धवट राहिला.

चूक न वाचण्याची नव्हती. नवं नाव जुन्या नावाला चिकटतं आणि रात्रभरात ते वेगळं करायला वेळ मिळत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी ठिकाणांची नवी यादी उघडायची नाही, ती कोणत्याही सरांनी पाठवलेली असो. जे सर शेवटच्या रात्री 'हमखास' म्हणून काही पाठवतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. वर्षभर शिकवणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. आंघोळ, वरणभात, आणि सात वाजता कोरा नकाशा. त्यावर फक्त गोंधळाचे झुपके: प्रवरेचं खोरं, कच्छ-सौराष्ट्र, घग्गरचा पट्टा. प्रत्येक नावापुढे फक्त त्याचीच म्हणता येईल अशी एकच खूण. जोर्वे: याच्याच नावाची संस्कृती. नेवासे: पुराश्मयुगीन हत्यारांपासूनचे थर. दायमाबादची टीप अशी: 'प्रवरेकाठी, अहिल्यानगर जिल्हा. सावळदा, उत्तरकालीन हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असे पाच टप्पे. 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा, रेडा यांच्या कांस्यमूर्ती सापडल्या. दक्षिणेकडील हडप्पा प्रभावाचा पुरावा.' आणि इशाऱ्यावरून तिघांतलं एक ठरत नसेल, तर जे नाव आधी मनात आलं ते लिहून पुढे जायचं. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही.

आठ ते साडेनऊ पेपर एकच्या स्वतःच्या सारांशवह्या, पण फक्त मथळे आणि समासातल्या खुणा. सातवाहन, गुप्तोत्तर जमीनदानं, चोळांचं ग्रामप्रशासन, सल्तनतीतली इक्ता. मथळा वाचला की वही झाकून तीन मुद्दे मनात म्हणायचे. नाही आठवले तर एकदा बघा आणि पुढे चला. जाडजूड पुस्तकं, नवी टेस्ट सिरीज, इतिहासकारांची नवी मतं, यातलं काही उघडू नका. पेपर दोनला रात्री हातच लावू नका. त्याची दोन पानं दुपारच्या सुट्टीत पुरतात: जगाच्या इतिहासातल्या सनावळ्या आणि आधुनिक भारतातले कायदे. वाचलेलं इतक्यात कुठे जात नाही, याची काळजी करू नका.

साडेदहाला दिवा बंद. झोप आली नाही तरी मोबाइल घेऊ नका, पडून राहा. मला त्या रात्री बारापर्यंत झोप लागली नव्हती, तरी सकाळी हात थरथरत नव्हता. साडेपाचला उठून तो संध्याकाळचा कोरा नकाशा एकदा पाहिला, बाकी काही नाही.

आणि पेपर एक संपल्यावर दारात कोणी विचारलं, 'तेरावा ठिपका काय लिहिलास?', तर उत्तर देऊ नका. डबा खा, ती दोन पानं काढा.