लेन बदलली, इंडिकेटर बंद केला का?

वळण घेऊन स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो. लेन बदलताना मात्र स्टिअरिंग जेमतेम हलतं, त्यामुळे दिवा लुकलुकतच राहतो. बऱ्याच दुचाकींना तर आपोआप बंद होण्याची सोयच नसते.

आता पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटरवाला थांबलाय. तुमचा दिवा बघून त्याला वाटतं, ही गाडी आत वळणार. तो बाहेर येतो आणि तुम्ही सरळच निघालेले असता! म्हणून लेनमध्ये स्थिरावलात की डॅशबोर्डवरच्या बाणाकडे एक नजर टाकाच. टिकटिक आवाजावर विसंबू नका, गाण्यांत तो ऐकूच येत नाही.

इंडिकेटर लावताना क्रम असा: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग ब्रेक. शहरात वळणाआधी तीनेक सेकंद पुरतात. ताशी 50 किलोमीटर वेगात ते सुमारे 40 मीटर अंतर होतं. महामार्गावर याहून बरंच आधी. पण तुमच्या वळणाआधी त्याच बाजूला दुसरी गल्ली असेल, तर तिच्यापाशी पोचल्यावरच इंडिकेटर द्या, नाहीतर तिथेही हाच घोटाळा होतो.

आणि गल्लीतून निघणारे तुम्ही असाल, तर समोरच्याचा वेग खरंच उतरेपर्यंत थांबा.