सोसायटीच्या ग्रुपमधून बाहेर पडताना कुणाला आधी सांगायचं

म्यूट करून पाहिलं, आर्काइव्ह करून पाहिलं, तरी दिवसातून दहा वेळा तो ग्रुप उघडून वाचला जातोच, असं ज्यांचं झालं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लागणारे फोटो, बिलं, प्लंबरचा नंबर आधी काढून ठेवा. कमिटीवर असाल तर मुदत संपेपर्यंत बाहेर पडू नका. तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर आधी दुसऱ्या कुणाला ॲडमिन करा, नाहीतर व्हॉट्सॲप आपल्या मनाने कुणालातरी ते काम देतं.

‘आता कुणालाच कळत नाही, बिनधास्त बाहेर पडा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. २०२२ पासून तुम्ही बाहेर पडल्याची सूचना सगळ्या ग्रुपला जात नाही, हे खरं. पण ती ॲडमिनना जाते. शिवाय ग्रुपच्या माहितीत खाली गेलं की गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं ते कुणालाही दिसतं. म्हणजे सेक्रेटरींना लगेच कळणार आणि बाकीच्यांना पुढच्या महिन्याभरात कधीतरी. मधल्या काळात ‘का गेली असेल?’ याचं उत्तर लोक आपापल्या परीने तयार करतात, आणि ते उत्तर नेहमी शेवटच्या भांडणाशी जोडलेलं असतं.

याच्या उलट टोकाचा सल्ला म्हणजे ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकणं. तो तर मुळीच टाकू नका. कितीही गोड लिहा, खाली ‘काय झालं?’, ‘कुणी काही बोललं का?’ सुरू होतं. तेवढ्यात कुणीतरी जुना वाद उकरतं, आणि उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता.

वेळ निवडताना पुण्यात एक गोष्ट पाहावीच लागते. ऑगस्ट-सप्टेंबर टाळा. गणपतीची वर्गणी त्याच सुमारास निघते, आणि सोसायटीची वार्षिक सभाही ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे हिशेबांवरून वातावरण तापलेलं असतं. वर्गणी न देता बाहेर पडलेला माणूस वर्गणी चुकवणाराच समजला जातो. वर्गणी द्या, मेंटेनन्सची थकबाकी असेल तर भरा, विसर्जन आणि सभा होऊ द्या. त्यानंतरही ग्रुपवर वाद चालू असेल तर तो शमल्यावर आठवडाभर थांबा.

आता खरा अवघड भाग, म्हणजे आधी सांगणं. माझी मामेबहीण सिंहगड रस्त्याजवळ ४८ घरांच्या सोसायटीत राहते. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी, आणि ती झोपते नेमक्या त्याच वेळी ग्रुप जागा असतो. गुरुवारी पाणी बंद आहे का, लिफ्ट कुणी अडवली, मधे पार्किंगवरून झालेली खडाजंगी. ग्रुपला तीन ॲडमिन: सेक्रेटरी काका, खजिनदार आणि उत्सवाचं बघणारा एक तरुण मुलगा. त्या मुलाशी तिची चांगली ओळख, म्हणून ती त्यालाच सांगणार होती. मी नको म्हटलं. ज्याला वाईट वाटू शकतं त्यालाच आधी सांगायचं असतं, आणि ते सेक्रेटरी काका होते. इतरांकडून कळलं असतं तर ‘मला सांगितलंही नाही’ हे त्यांच्या मनात राहिलं असतं.

संध्याकाळी ते खाली फिरायला येतात तेव्हा ती त्यांना भेटली.

‘काका, माझ्या रात्रपाळ्या वाढल्यात. दिवसा झोपायचं असतं आणि ग्रुप आला की मी तो वाचत बसते. म्हणून आज रात्री मी मोठ्या ग्रुपमधून बाहेर पडतेय. नोटीस किंवा पाण्याचं काही असलं तर मला वेगळं कळवाल का? आणि माझं काही काम पडलं तर सरळ फोन करा.’

काकांनी अपेक्षित प्रश्न विचारला. ‘का गं, त्या पार्किंगवरून का?’

‘नाही हो काका. त्याचं काय ते मी सभेत बोलेन.’

इथे ती थांबली, आणि थांबणंच महत्त्वाचं आहे. ‘नाही हो, पण लोक जरा जास्तच…’ असं एक वाक्य पुढे गेलं असतं तर सगळं तिथेच बिघडलं असतं. त्या ‘पण’नंतर जे येतं तेच मजल्यामजल्यावर पोचतं.

कारण सांगताना ते खरं असावं आणि तुमच्याबद्दल असावं. ‘फार मेसेज येतात’ हे कारण वाटतं, पण ऐकणाऱ्याला ती मेसेज पाठवणाऱ्यांची तक्रार वाटते, आणि त्यावर ‘मग म्यूट कर ना’ हे उत्तर तयारच असतं. माझी बहीण ‘मी वाचत बसते’ म्हणाली, त्यावर वाद घालता येत नाही. खोटं कारण तर देऊच नका. ‘फोन बिघडलाय’ म्हणणाऱ्याचं स्टेटस संध्याकाळी सगळे बघतात.

दुसरं म्हणजे, सोबत काहीतरी मागा. नोटीस वेगळी कळवायची विनंती केल्यामुळेच काकांना पटलं की ही सोसायटी सोडत नाहीये, फक्त गोंगाट सोडतेय. सभेची नोटीस तर ग्रुपमध्ये असा-नसा, सभासदाला मिळायलाच हवी. पण टँकर कधी येणार हे कळायला शेजारच्या एका घरालाही सांगून ठेवा.

सांगितल्यानंतर त्याच दिवशी बाहेर पडा. दोन-चार दिवस गेले की बातमी आधी फिरते आणि तुम्ही ग्रुपमध्ये असतानाच समजूत घालणं सुरू होतं. ‘तुम्हीच मला काढून टाका’ असंही ॲडमिनला सांगू नका. ‘तिला काढलं’ हे शब्द एकदा तोंडोतोंडी झाले की निस्तरत नाहीत. रात्री दहानंतर, ग्रुप शांत असताना, Exit group दाबा आणि चॅट डिलीट करा.

घरच्या ग्रुपचंही तसंच, फक्त इथे ॲडमिन कोण हे बघू नका. ज्या आत्याने किंवा काकांनी हौसेने ग्रुप सुरू केला, त्यांना फोन करा, मेसेज नको. सासरचा ग्रुप असेल तर नवऱ्याने आधी आपल्या आईशी बोलावं. सुनेने एकटीने ते ओझं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यानंतर आत्याच्या वाढदिवसाला सकाळीच फोन गेला पाहिजे, कारण आता ग्रुपवरच्या शुभेच्छांत तुमचं नाव नसणार.

लिफ्टमध्ये कुणी विचारलंच तर काकांना सांगितलेलं वाक्य तसंच सांगा. दोघांना दोन कारणं दिली की ती दोघं ताडून बघतात.

कधीकधी कुणीतरी प्रेमाने पुन्हा ॲड करतं. तेव्हा लगेच बाहेर पडू नका, तो खरोखर अपमान वाटतो. ज्याने ॲड केलं त्याला फोन करून तेच कारण सांगा आणि मग बाहेर पडा. त्यानंतर Settings, Privacy, Groups मध्ये जाऊन My contacts except… निवडा आणि त्या व्यक्तीवर खूण करा. पुढच्या वेळी त्यांना तुम्हाला थेट ॲड करता येणार नाही, आमंत्रण पाठवावं लागेल. ते तीन दिवसांत आपोआप संपतं, नाही म्हणण्याची वेळ येत नाही.